दीड लिटर हवा

नात धनश्रीचं बारसं झालं ते दोन हजार तेवीस साल. त्याच बारशात सहादेव खेतमाळीस यांच्या पायाची गोष्ट चारचौघांत उघडी पडली. पाळण्याची गाणी संपली, घुगऱ्या वाटल्या, आणि पाहुणे निघाले तसे सहादेव त्यांना वाटे लावायला उठले. पायताणात पाय जाईना. डावा जाईना, मग उजवाही जाईना. बाया पदराआड हसल्या. विजयमाला मात्र हसली नाही. तिनं खाली बसून नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला. अंगठा निघाला पण त्याचा खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा.

"मिठानं झालं," एक म्हणाली.

"मूत्रपिंड असंल. माझ्या दिराचं असंच हुतं."

"हत्तीपाय तर न्हवं?"

"तुमच्या तोंडात साखर पडो," विजयमाला म्हणाली, "बारशाला आलाय का दहाव्याला?"

सहादेव तेव्हा बासष्टीला टेकले होते. काष्टीपासून चार किलोमीटरवरच्या वस्तीवर दोघंच राहत. मुलगा कल्याण नागापूरला एमआयडीसीत कामाला, सून रेश्मा आणि लेकरू त्याच्याजवळ. सहादेवांचं सगळं आयुष्य गुऱ्हाळावर गेलं. काहिलीखाली चिपाडं सारायची, जाळ एकसारखा ठेवायचा, हे त्यांचं काम. अठ्ठावीस हंगाम त्यांनी तो धूर खाल्ला. धुरातून बाहेर आले की जिवाला बरं वाटावं म्हणून बिडी ओढायची. दम लागायचा, सकाळी खोकल्याचा बेडका पडायचा, पण गुऱ्हाळावर कोणाला लागत नव्हता दम? तो आजार कोणी धरलाच नव्हता.

गावातल्या डॉक्टरनं पाणी काढायची गोळी दिली. चार दिवसांत पाय उतरले, पायताण बसलं, सहादेव चावडीपर्यंत जाऊन आले. गोळी संपली आणि पंधरा दिवसांत पाय पुन्हा फुगले. पुन्हा गोळी, पुन्हा उतार. असं चार वेळा झालं. पायताण बसलं की माणूस बरा, न बसलं की आजारी, असा त्या घराचा हिशेब होऊन बसला. पाय उतरलेले असतानाही ते न्हाणीपर्यंत जाताना तीन वेळा भिंत धरतात, ओठ जांभळे दिसतात, हे विजयमाला बघत होती. पण पाय तर बरे होते ना! मग बोलायचं कोणत्या तोंडानं?

पाचव्या वेळेला सूज गुडघ्याच्या वर चढली, पोट टम्म झालं, तेव्हा कल्याणनं गाडी केली आणि दोघांना नगरला छातीच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर बाई होती, अल्मास शेख नावाची, कल्याणच्याच वयाची. सहादेव तिला बघून बायकोच्या कानात म्हणाले, "हिला काय कळतंय?"

"बाबा, मला ऐकायला चांगलं येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झोपू नका, असेच अर्धे टेकून बसा."

त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "पाय सुजायची कारणं बरीच असतात. एकेक खोडून काढू." एकच पाय सुजला असता, दुखला असता, तर शिरेत रक्ताची गाठ बघावी लागली असती, इथं दोन्ही सारखे होते. लघवी तपासली, तिच्यातून प्रथिनं जात नव्हती, म्हणजे तसलं मूत्रपिंडाचं दुखणं नव्हतं. कावीळ नव्हती, दारू नव्हती. पिंढरीवर फुगलेल्या निळ्या शिरा नव्हत्या. मग त्यांनी गोळ्यांची पिशवी पालथी केली आणि ब्लडप्रेशरची एक पट्टी उचलली. "ही गोळीसुद्धा काही जणांचे पाय सुजवते. ही बदलू. पण एवढी सूज एकट्या हिची नाही."

मग त्या मानेकडं बघत राहिल्या. उजव्या बाजूला कानाखाली एक शीर भरून आली होती, थडथडत होती. डॉक्टरबाईंनी उजव्या बरगडीखाली हात दाबला. सहादेव "आई गं" म्हणाले, आणि ती शीर आणखी वर चढली. विजयमालेनं ते डोळ्यांनी बघितलं.

"आजी, तुमचा हात द्या."

"माझा?"

"द्या तर."

त्यांनी विजयमालेचा तळवा सहादेवांच्या छातीवर, मधल्या हाडाच्या डाव्या कडेला ठेवला. परक्या माणसांसमोर नवऱ्याच्या छातीवर हात! ती लाजली. पण मग लाज विसरली, कारण तळव्याखाली काहीतरी आतून ढुशी मारत होतं. वासरू जसं गाईच्या कासेला ढुशी मारतं तशी. ठोक्यागणिक तिचा हात वर उचलला जात होता.

"हे हृदय आहे. उजवी बाजू. एवढं जोरात लागायला नको."

बोटाला लावायचं, रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र ब्याऐंशी दाखवत होतं. हृदयाचा आलेख झाला, सोनोग्राफी झाली. उजवी बाजू मोठी झालेली, फुफ्फुसाकडं जाणाऱ्या नळ्यांमधला दाब चढलेला. डॉक्टरबाईंनी सांगितलं की मूळ दुखणं फुफ्फुसाचं आहे, धुराचं आणि बिडीचं. फुफ्फुसात हवा पुरेशी जात नाही, म्हणून तिथल्या रक्ताच्या नळ्या आवळून घेतात. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते.

सहादेवांनी आपल्या छातीवर हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "म्हंजी मोटार चांगली हुती, फुडची पाईपलाईन चेंबाटली. मोटार रेटून रेटून जळाया आली. आन पानी मागं तुंबलं."

"तुंबलं, ते मानेत चढलं, बरगडीखाली साठलं, पायात उतरलं. बाबा, तुम्हाला कळतंय की!"

"मंग पायातलं पानी काढून काय हुनार?"

"थोडं बरं वाटणार. पण पाइप मोकळा होणार नाही. पायाचं औषध पायात नाही, फुफ्फुसात आहे." आणि मग त्यांनी विजयमालेकडं तोंड केलं, कारण घरातलं खरं माणूस कोण हे डॉक्टरला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. "ऑक्सिजनचं मशीन लावायचं. चोवीस तासांतले सोळा तास. त्यानं त्या नळ्या आवळायच्या थांबतात. तासाभराचा उपयोग नाही, सोळा तास. काटा दीड लिटरवर. बोटाचं यंत्र अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव दाखवलं की बास."

"शंभर न्हाई करायचं?" कल्याणनं विचारलं.

"नाही. यांच्या शरीराला कमी हवेची सवय झाली आहे. एकदम भरपूर दिली तर आतला खराब वायू साठतो. माणूस गुलाबी दिसतो, शांत झोपतो, आणि उठत नाही. दिसायला आराम, आणि आतून मरण. आजी, लक्षात ठेवा."

बाकीचं सगळं कागदावर आलं. बिडी बंद. मीठ कमी, पापड-लोणचं बंद. श्वासाचा फवारा दोन वेळा. पाण्याची गोळी अर्धी, आणि रोज सकाळी वजन. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन. जास्त गोळ्या खाल्ल्या तर रक्त घट्ट होतं, पायाला गोळे येतात, हेही. विजयमालेला अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. तिनं मशीनच्या काचेच्या नळीवर, जिथं चेंडू तरंगतो तिथं, दीडच्या रेघेला लाल नखपॉलिश लावून घेतलं.

आता सोळा तास मोजायचे कसे? तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीत सोळा चिंचोके. घड्याळाचा एक तास नळी नाकात राहिली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. रात्रीचे आठ-नऊ सहज जात. दिवसाचे जाता जात नसत, पण त्याला कारण लाईट जाणं हे नव्हतं. लाईट गेली तर छोटा सिलेंडर होता. कारण होती माणसं.

आपल्याकडं आजारी माणसाला भेटायला येतात. न आलं तर वाईट दिसतं. सहादेवांनी अठ्ठावीस हंगाम लोकांना गरम काकवी पाजली होती. त्यांना भेटायला श्रीगोंद्यापासून माणसं येत. आणि बाहेर मोटारसायकल थांबली की सहादेव नाकातली नळी ओढून उशीखाली सारत.

"आवं, काढू नगा ना!"

"माझ्या नाकात येसन बघायला आल्यात का ते? बैल हाय का मी?"

पाहुणा बसायचा, चहा व्हायचा, अर्धा तास, एक तास. तेवढ्यात दुसरा. बाहेर ओट्यावर बिडी पेटायची, तिचा धूर आत यायचा. मशीन कोपऱ्यात मोकळ्या हवेत हवा सोडत बसायचं आणि सहादेवांचे ओठ गप्पा मारता मारता जांभळे पडत जायचे. संध्याकाळी पहिल्या वाटीत पाच चिंचोके उरायचे, कधी सहा. असे महिना दोन महिने गेले आणि वजन हळूहळू चढायला लागलं.

एके दिवशी विजयमालेनं दाराशी बाज टाकली आणि तिच्यावर बसून राहिली. जो येईल त्याला म्हणायची, "झोपल्यात." दुसऱ्या दिवशीही झोपलेत, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी कानिफनाथ, गुऱ्हाळावरचा त्यांचा जुना गडी, म्हणाला, "वैनी, कुंभकर्न झाला का काय आमचा दादा?"

"व्हय. उठला की तुझंच घर खाईल पयलं."

तो हसत गेला, पण वहिनी दारातूनच परतवते हे त्यानं गावभर सांगितलं. माणसं यायची थांबली. चिंचोके पुरे व्हायला लागले. सोळा. एके दिवशी तर अठरा, दोन तिनं पिशवीतून जादा आणले. पाय सडसडीत झाले, मानेची शीर खाली उतरली. डॉक्टरबाई तपासून म्हणाल्या, "काय केलंत आजी?"

सहादेव मात्र भिंतीकडं तोंड करून पडायचे. एकदा म्हणाले, "माले, मानसं तोडून मला जगवतीस. कुनासाठी जगायचं मग?"

तिनं नळी नीट बसवली आणि भाकरी थापायला गेली.

दीड वर्ष असं ओढून नेलं. गेल्या मार्गशीर्षात थंडी पडली ती कडाक्याची. पौषात सहादेवांना ताप भरला. बेडका हिरवा झाला, छातीत पिपाणी वाजायला लागली, आणि तीन दिवसांत वजन साडेतीन किलो वाढलं. पाय पुन्हा कणकेचे झाले. विजयमालेनं फोन केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ॲडमिट करावं लागेल. आजच आणा."

"उद्या जाऊ," सहादेव म्हणाले. "आज भोगी हाय. आक्का आलीया. घरात पोरगं न्हाई, मानूस न्हाई. उद्या सकाळी कल्यानला गाडी घिऊन बोलव."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, जयाबाई. सत्तरी पार केलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कानंच सहादेवांना कडेवर वाढवलं होतं. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी घेऊन ती सकाळीच नेवाशाहून आली होती, दोन एस्ट्या बदलून. तिला विजयमाला "झोपल्यात" म्हणू शकली नाही. तिला कोण म्हणणार?

डॉक्टरबाईंनी फोनवर अँटिबायोटिकचं नाव सांगितलं, ते काष्टीच्या मेडिकलमधून आणून लगेच सुरू करा म्हणाल्या. आणि म्हणाल्या, "गुंगी आली, बरळायला लागले, तर उद्याची वाट बघायची नाही. एकशे आठला फोन करायचा."

विजयमालेनं आक्काला काटा दाखवला. "आक्का, ह्यो चेंडू ह्या लाल रेघेवर हाय. हात लावायचा न्हाई. मी तासाभरात येते."

"माझ्या हातानं वाढलेलं पोर हाय ते. जा तू."

टेम्पो मिळायला वेळ गेला, मेडिकलवाल्याकडं गोळी नव्हती, दुसऱ्या दुकानात गेली. भोगीचा दिवस, रस्त्यावर गर्दी. परत यायला अडीच तास लागले.

ती दारात आली तेव्हा घरात शांतता होती. पहिली भीती तिला त्या शांततेची वाटली, कारण तीन दिवस त्या घरात पिपाणीशिवाय दुसरा आवाज नव्हता. आक्का भावाच्या उशाशी बसून त्याच्या केसांतून हात फिरवत होती. सहादेव झोपले होते. ओठ गुलाबी. गालांवर रंग. बोटाचं यंत्र अठ्ठ्याण्णव दाखवत होतं.

"बघ," आक्का हळू आवाजात म्हणाली, डोळ्यांत पाणी. "तू गेलीस आन लेकरू तडफडाया लागलं. माशागत तोंड वासत हुतं. म्या ते बटन फिरवलं. पाचपोतर येतंय की ते! एवढी हवा असून दीडावर मारताव व्हय मानसाला? फिरवलं आन कसं निवांत झोपलं बघ."

विजयमालेनं अठ्ठ्याण्णव हा आकडा दीड वर्षात कधी बघितला नव्हता. तिला डॉक्टरबाईंचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं, शब्दन् शब्द आठवलं. पण तिचा नवरा तीन रात्री उशीवर डोकं टेकवू शकला नव्हता, बसून बसून, गुडघ्यावर कपाळ टेकवून श्वास ओढत होता, आणि तीही त्याच्यासोबत बसून होती. आता तो झोपला होता. तरण्या माणसासारखा रंग आला होता त्याला. ती मशीनशी गेली, बटणाला हात लावला, आणि मनात म्हणाली, एक तास. एक तास झोपू दे याला. मग करते कमी.

एक चिंचोका तिनं बाजूला ठेवला. भिंतीला पाठ टेकली. आक्कानं तिला भाकरीचा तुकडा दिला, तो तिनं खाल्ला. कधी डोळा लागला कळलं नाही. लागला तो तासाभराचाच.

जागी झाली तेव्हा तिनं नवऱ्याचा हात धरला. हात गरम होता, तळवा लालबुंद. "आवं," ती म्हणाली. "आवं, उठा. गोळी घ्या." सहादेवांनी डोळे किलकिले केले, जीभ जड झालेली, "चिपाडं वली हायती" म्हणाले, आणि परत गुंगीत गेले. तिनं हात उचलून धरला तर तो मनगटातून फडफडला, पाखराच्या पंखासारखा, आणि गळून पडला. श्वास संथ होता. फार संथ.

तिनं बटण फिरवलं. चेंडू लाल रेघेवर आणला. अठ्ठ्याण्णवचे पंच्याण्णव झाले, नव्वद झाले.

आक्का उठून उभी राहिली. "काय करतीस गं?"

"आक्का, जास्त हवेनं गुंगी चढलीया त्यांला."

"हवेनं मानूस मरतं? ऐकलं का कुनी! हवेनं!" आक्कानं तिचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात कुठून एवढं बळ आलं? "माझ्या भावाचं नाक दाबतीस? मानसं तोडलीस, मला वरीसभर भेटू दिलं न्हाईस, आता हवा बी मोजून देतीस? सोड ते!"

"आक्का, पाया पडते तुमच्या."

"पड की! त्याच्या पड!"

आकडा शहाऐंशीवर आला. एका हाताला आक्का लटकलेली, दुसऱ्या हातानं विजयमालेनं फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मशीन बंद करू नका, नळी काढू नका. बटण दोनवर ठेवा, अठ्ठ्याऐंशी झालं की तिथंच. एकशे आठ बोलवा. आत्ता."

दोनवर ठेवलं. अठ्ठ्याऐंशी झाले. ओठांचा गुलाबी रंग गेला, जुना जांभळा परत आला. आक्कानं तो रंग बघितला आणि कपाळ बडवून घेतलं.

गाडी पाऊण तासानं आली. त्यातला माणूस मोठं सिलेंडर उघडायला लागला तेव्हा विजयमाला त्याच्या हाताला धरून म्हणाली, "दोनच. दादा, दोनच." त्यानं फोनवर डॉक्टरबाईंशी बोलून घेतलं आणि मान हलवली. नगरपर्यंतच्या रस्त्यात ती एका हातानं नवऱ्याचा जबडा धरून बसली, दुसऱ्या हातानं बोटाचं यंत्र. आक्का समोर बसली होती. ती विजयमालेकडं बघत नव्हती, आणि विजयमाला तिच्याकडं बघू शकत नव्हती.

दवाखान्यात मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं. खराब वायू दुपटीच्या वर साठला होता. घट्ट मास्क बांधला, मशीननं श्वास ढकलायला सुरुवात केली, शिरेतून अँटिबायोटिक, शिरेतून पाणी काढायचं औषध. डॉक्टरबाईंनी विजयमालेला बाहेर बाकावर बसवलं.

"काटा किती वेळ वर होता?"

"तीन तास. जास्त बी असंल."

"कोणी वाढवला?"

"घरातल्या मानसानं."

डॉक्टरबाईंनी पुढं विचारलं नाही. "जंतुसंसर्ग मोठा आहे. दुखणं तिथून सुरू झालं. वायूनं ते वाढवलं. हृदयाची उजवी बाजू आधीच थकलेली, तिच्यावर आता दुहेरी ओझं आलं आहे. मी प्रयत्न करते आहे."

"डॉक्टरबाई, एक तास आधी कमी केला असता तर?"

"सांगता येत नाही, आजी," त्या म्हणाल्या. हे खरं होतं आणि म्हणूनच त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

संक्रांत बाकावरच गेली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सहादेव शुद्धीवर आले. कल्याण आत गेला, आक्का गेली, विजयमाला गेली. मास्क थोडा वेळ सैल केला होता.

"घोड्याला तोबरा बांधलाय बघ," सहादेव म्हणाले. "आत हरभरं तेवढं टाकायचं ऱ्हायल्यात."

कल्याण हसला आणि मग तोंड फिरवून रडला. आक्का म्हणाली, "सहादू, काय खातोस सांग."

"काकवी," ते म्हणाले. "गरम." मग विजयमालेकडं बघून, "कोन कोन आलंय बाहेर?"

"लई मानसं आल्यात," ती म्हणाली. बाहेर कानिफनाथ एकटाच होता.

"येऊ दी त्यांला."

डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं की परत त्रास वाढला तर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर ठेवायचं का. ठेवलं तर निघेलच असं नाही. सहादेवांनी मान हलवून नाही म्हटलं. विचारलं तीन वेळा, तिन्ही वेळा नाही. कल्याणसमोर. मग परत मास्क बांधला. कानिफनाथला दोन मिनिटं आत सोडलं. तो पायाशी उभा राहिला, सुजलेल्या पावलांवर हात ठेवून.

संध्याकाळी रक्तदाब उतरायला लागला. लघवी थांबली. बाहेर बाकावर नात्यागोत्याची माणसं जमली आणि आक्का त्यांना सांगत होती, दर नव्या माणसाला पहिल्यापासून. "गुलाबी झाला हुता. माझ्या डोळ्यांसमोर गुलाबी झाला हुता. हिनं हवा तोडली." माणसं विजयमालेकडं बघत होती. दारात बाज टाकून बसलेली ती बाई सगळ्यांना आठवत होती.

कल्याण आईला जिन्यात घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी त्याला काट्याचं सगळं सांगितलं होतं, आणि त्या वेळी घरात दुसरं कोण होतं हे त्याला ठाऊक होतं.

"आत्त्यानं वाढवला काटा. तू कमी केलास ते बरोबर केलंस. मी आत्ताच्या आत्ता सांगतो सगळ्यांसमोर."

"न्हाई."

"आई, ते तुला खुनी म्हनायलेत!"

"म्हनू दी. तिनं कडेवर वाढवलंय त्यांला. तिला कळलं, आपल्या हातानं झालं, तर काय करंल ती? हिरीवर जाईल."

"आन तू?"

विजयमालेनं जिन्याच्या कठड्याला धरलं. तीन दिवस तिनं तोंड धुतलं नव्हतं. "मी आले तवा काटा पाचावर हुता, कल्यान. मला ठावं हुतं. म्या एक तास ऱ्हाऊ दिला."

"का?"

"झोपले हुते रं ते."

कल्याणनं तिच्याकडं बघितलं. त्यानं तिचा दंड धरला. दोघं तिथंच उभे राहिले, वरून खाली माणसं जात राहिली, कोणीतरी चहाचा थर्मास घेऊन गेलं. मग कल्याण वर गेला आणि आत्त्याजवळ बाकावर बसला. काट्याचं नाव काढलं नाही. आक्कानं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं.

सहादेव विठोबा खेतमाळीस, वय चौसष्ट, गुरुवार दिनांक सोळा जानेवारी दोन हजार पंचवीस रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नगरच्या दवाखान्यात वारले.